चड्डी खराब होते, म्हणजे जुलाबच असतात असे नाही

गेल्या वर्षी फेब्रुवारीत कर्जतजवळच्या एका गावातून एक आजी आपल्या सात वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलाचे आईवडील पहाटेच्या लोकलने मुंबईला कामाला जात आणि रात्री परतत. दिवसभराचे सारे काही आजी-आजोबांवर होते. मुलाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असल्याचे निदान तीन वर्षांपूर्वी झालेले होते. तो मोजके शब्द बोलत असे आणि मोजकेच पदार्थ खात असे. आजींची तक्रार एका वाक्याची होती : "डॉक्टर, याचं पोट सारखं बिघडलेलं असतं. दिवसातून चार-पाच वेळा चड्डी खराब होते, आणि याला त्याचं काही वाटतच नाही."

मी वहीत 'जुलाब' असे लिहिले, साखर-मिठाच्या पाण्याची पाकिटे दिली, पंधरा दिवस झिंक दिले आणि त्यांना घरी पाठवले. ती माझी चूक होती. दोन महिन्यांनी आजी तिसऱ्यांदा आल्या, तेव्हा मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला : "आजी, याला घट्ट शौच शेवटची केव्हा झाली?" त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "तशी दहा-बारा दिवसांनी एकदा होते. पण एवढी मोठी, की दोन बादल्या पाणी ओतलं तरी जात नाही."

त्या उत्तराने निदान उलटे फिरले. मुलाला जुलाब नव्हतेच. त्याला जुनाट बद्धकोष्ठता होती. आजी इतके दिवस जुलाब समजून साबुदाण्याची पेज देत होत्या आणि औषधाच्या दुकानातून पोट बांधणारी गोळीही आणत होत्या. त्यांची माया खरी होती, पण दिशा चुकली होती, आणि त्या दिशेला पहिला हातभार माझाच लागला होता. असे मूल ज्यांच्या घरी आहे त्या आजी-आजोबांसाठी आणि सांभाळ करणाऱ्या सर्वांसाठी हा लेख आहे.

आत काय घडते

मोठ्या आतड्याच्या शेवटी गुदाशय ही एक पिशवी असते. तेथे मल आला की ती ताणली जाते आणि 'आता जायला हवे' अशी सूचना मेंदूला मिळते. एखाद्या दिवशी मल कडक असतो, गुदद्वाराला बारीक चीर पडते, आणि मूल वेदनेने घाबरते. पुढच्या वेळी सूचना आली की ते ती दाबून धरते. दाबून धरलेल्या मलातील पाणी आतडे शोषत राहते. त्यामुळे मल आणखी कडक व मोठा होतो आणि पुढची शौच पहिल्याहून अधिक दुखते. भीतीने मल कडक होतो आणि कडक मलाने भीती वाढते. हे चक्र एकदा सुरू झाले की ते आपोआप थांबत नाही.

काही आठवड्यांनी गुदाशय ताणून सैल पडते. सैल पिशवीला भरल्याची जाणीव नीट होत नाही. मग आत घट्ट गोळा बसून राहतो, आणि वरून येणारा पातळ मल त्या गोळ्याच्या कडेने झिरपून चड्डीत येतो. मुलाला ते कळतही नाही. आजी म्हणाल्या की "याला काही वाटतच नाही", ते शब्दशः खरे होते. तो निर्लज्ज नव्हता आणि हट्टीही नव्हता. त्याला खरोखरच जाणवत नव्हते.

स्वमग्न मुलांमध्ये हे अधिक वेळा का दिसते, याची कारणे एकाहून अधिक आहेत. त्यांचा आहार मोजका आणि बहुधा कमी चोथ्याचा असतो. शरीराच्या आतून येणाऱ्या भूक, तहान, शौच यांच्या सूचना त्यांना वेगळ्या तीव्रतेने जाणवतात : काहींना फारच कमी, तर काहींना सहन न होण्याइतक्या जास्त. संडासातील वास, घुमणारा आवाज, गार फरशी यांचा त्यांना खरा त्रास होतो. आणि दुखते आहे हे सांगायला अनेकदा शब्द नसतात. ज्यांना स्वमग्नता नाही, पण ज्यांचे खाणे पाच-सहा पदार्थांवरच अडले आहे, अशा मुलांची गोष्टही पुष्कळशी अशीच असते.

घरी कसे ओळखावे

आजींना मी विचारले, "तो कधी कपाटाआड जाऊन उभा राहतो का? टाचा उंच करून, पाय एकमेकांवर आवळून, चेहरा लाल करून?" त्या म्हणाल्या, "रोज. आम्हाला वाटतं, जोर करतोय, पण होत नाही." येथे बहुतेक घरांची फसगत होते. मूल जोर करत नसते. ते मल बाहेर येऊ नये म्हणून सारे अंग आवळून धरत असते. शौचास बसताना माणूस गुडघे वाकवतो. टाचा उंच करून पाय आवळतो तो रोखणारा.

याखेरीज चार गोष्टी पाहाव्यात : आठवड्यातून दोन किंवा त्याहून कमी वेळा शौच होणे, शौच फार जाड किंवा बकरीच्या लेंड्यांसारखी होणे, शौच करताना रडणे, आणि पूर्वी स्वच्छ राहणाऱ्या मुलाची चड्डी पुन्हा खराब होऊ लागणे. यांतील दोन गोष्टी महिनाभर दिसल्या तर बद्धकोष्ठता धरून चालावे. ज्या मुलाला बोलता येत नाही, त्याचे पोट त्याच्या वागण्यातून बोलते. जेवण कमी होणे, रात्री उठणे, विनाकारण स्वतःला मारून घेणे, पुन्हा अंथरूण ओले करू लागणे, यांमागे भरलेले पोट असू शकते. 'हे ऑटिझममुळेच' असे म्हणून ते सोडून देऊ नये.

त्या दिवशी मी मुलाला तपासणीच्या टेबलावर घेतले नाही. तो आजींच्या मांडीवर आगगाडी हातात धरून बसला होता. त्याचाच हात त्याच्या पोटावर ठेवला आणि त्याच्या हातावर माझा हात ठेवला. डाव्या बाजूला, खाली, लहान लिंबांची माळ असावी तसे गोळे लागले. त्यासाठी एक्स-रेची गरज नव्हती.

आधी रस्ता मोकळा, मग बाकी सारे

अशा वेळी घरोघरी पहिला उपाय सुचतो तो म्हणजे भाजी, पेरू, इसबगोल. पण आत गोळा अडकलेला असताना चोथा वाढवला, तर तो गोळ्यामागे साचतो आणि पोट अधिक फुगते. इसबगोल तर पुरेसे पाणी न पिणाऱ्या मुलात चिकट लगदा होऊन बसते. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी साचलेला मल मऊ करून बाहेर काढायचा आणि मगच आहाराकडे वळायचे.

यासाठी आज लहान मुलांत सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल, संक्षेपाने पेग. ही पांढरी भुकटी असते. ती आतड्यात पाणी धरून ठेवते. ती आतड्याला डिवचत नाही आणि तिची सवय लागत नाही. मीठ-क्षार मिसळलेली पेग खारट लागते. साधी पेग जवळजवळ बेचव असते, म्हणून चवीला संवेदनशील असलेल्या मुलांना ती चालते. लॅक्टुलोजचे सरबत हाही चांगला पर्याय आहे, पण ते गोड व चिकट असते आणि काही मुले त्याचा थेंबही तोंडात घेत नाहीत.

या मुलाचे वजन २० किलो होते. साचलेला मल काढण्यासाठी दर किलोला दीड ग्रॅम या हिशेबाने मी दिवसाला ३० ग्रॅम भुकटी सांगितली, तीन भागांत विभागून. हे प्रमाण त्या मुलाचे होते. आपल्या घरच्या मुलाचे वजन, वय आणि तपासणी पाहून ते डॉक्टरांनीच ठरवावे.

औषध कशात मिसळायचे, हा प्रश्न प्रमाणाइतकाच महत्त्वाचा ठरला. तो फक्त एका निळ्या पेल्यातून पीत असे. आजींना वाटले, दुधात घालावे. मी नको म्हटले. दूध हा त्याचा सर्वांत भरवशाचा पदार्थ होता. त्यात काही वेगळे जाणवले असते तर त्याने दूधच कायमचे सोडले असते, आणि अशा मुलाच्या यादीतून गेलेला पदार्थ परत आणणे फार कठीण असते. म्हणून औषध निळ्या पेल्यातल्या पाण्यात घालायचे ठरले. पहिले तीन दिवस फक्त अर्धा चमचा, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळून, त्याच्यासमोर. त्याने ते स्वीकारल्यावर शाळेच्या उन्हाळ्याच्या सुटीत पूर्ण मात्रा सुरू केली.

दुसऱ्या दिवशी आजोबांचा फोन आला. चड्डी आता आठ-दहा वेळा खराब होत होती, औषध बंद करावे का, असे ते विचारत होते. बहुतेक घरांत उपचार याच टप्प्यावर सुटतो. औषधाचे पाणी प्रथम गोळ्याच्या कडेने येते, म्हणून गळती आधी वाढते आणि मग गोळा सुटतो. पोट फुगून कडक झालेले नाही, उलटी नाही, मूल खेळते आहे, याची खात्री करून मी औषध चालू ठेवायला सांगितले. तिसऱ्या दिवशी गोळे पडू लागले. पाचव्या दिवशी गढूळ पाणी आले आणि त्यात गोळे नव्हते. रस्ता मोकळा झाल्याची खूण हीच. मग मात्रा दिवसाला १० ग्रॅमवर आणली. पिकलेल्या केळ्यासारखी मऊ, सलग शौच रोज किंवा एक दिवसाआड व्हावी, एवढे ते प्रमाण ठेवायचे. पाण्यासारखी झाली तर थोडे कमी करायचे, लेंड्या दिसल्या तर थोडे वाढवायचे.

जुन्या घरगुती उपायांविषयीही स्पष्ट सांगायला हवे. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून किंवा साबणाची कांडी करून गुदद्वारात घालण्याची पद्धत आपल्या पिढीला ठाऊक आहे. एखादे वेळी त्याने शौच होतेही. पण ज्या मुलाची मूळ अडचण भीती आहे, त्याच्या मनात ती भीती पक्की होते, आणि साबणाने आतली नाजूक त्वचा भाजल्यासारखी होते. एरंडेलाने पोटात कळा येतात. सर्वांत धोक्याचे म्हणजे नाक दाबून तेलकट औषध पाजणे. लिक्विड पॅराफिनसारखे तेल ठसक्याबरोबर फुप्फुसात गेले तर गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. विरोध करणाऱ्या मुलाला असे औषध कधीही बळाने पाजू नये.

ताटातील बदल : एका वेळी एकच

या मुलाच्या यादीत सहा पदार्थ होते : पांढरा भात, तांदळाच्या भाकरीचा कडक पापुद्रा, पोह्याचा पापड, एका विशिष्ट आकाराची बिस्किटे, दूध आणि पाणी. दिवसाला चार पेले दूध जात होते, म्हणजे सुमारे ८०० मिलिलिटर. आपला कर्जत-खालापूरचा पट्टा भाताचा. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेले वाण शेतकऱ्यांच्या तोंडी असतात. घरात तांदूळच मुख्य असतो यात गैर काही नाही. मोठी माणसे त्याबरोबर डाळ, भाजी, मासळी खातात. हा मुलगा तांदूळच तेवढा उचलत होता, आणि पांढऱ्या तांदळात चोथा फार थोडा, १०० ग्रॅमला ३ ग्रॅमही नाही. ज्वारी-नाचणीच्या पिठात तो १० ते ११ ग्रॅम असतो.

म्हणून आजींनी सुरुवातीला नाचणीची भाकरी करून पाहिली. त्याने ताट ढकलले. तीन दिवस असेच झाले. चौथ्या दिवशी तो तांदळाच्या भाकरीकडेही संशयाने पाहू लागला. तेव्हा आम्ही थांबलो आणि दुसऱ्या बाजूने विचार केला. त्याला भाकरीत नेमके काय आवडते? रंग पांढरा, कडा कुरकुरीत, आकार लहान, वास नाही. मग या चारही गोष्टी तशाच ठेवून बदलता येण्यासारखे काय उरते? फक्त पीठ. ज्वारीचे पीठ नाचणीपेक्षा पुष्कळ पांढरे असते. एका भाकरीच्या तांदळाच्या पिठात एक लहान चमचा ज्वारीचे पीठ मिसळून, त्याच तव्यावर, तेवढीच पातळ, तशीच कडक भाकरी केली. ती वेगळ्या बशीत, नेहमीच्या भाकरीशेजारी ठेवली. खा असे म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने हुंगून पाहिली, तिसऱ्या दिवशी मोडली, सहाव्या दिवशी खाल्ली. दर चार-पाच दिवसांनी एक चमचा वाढवत महिनाभरात भाकरी अर्धी ज्वारीची झाली.

पुढचा पदार्थ आजोबांना सुचला. त्याला कुरकुरीत आवाज आवडतो, तर मक्याच्या लाह्या का नकोत? त्याही पांढऱ्या, कोरड्या, चावताना आवाज करणाऱ्या, आणि मक्याचा अख्खा दाणा फुललेला असल्याने त्यांत चोथाही असतो. त्या त्याने आठवड्यात स्वीकारल्या. चार-पाच वर्षांखालील मुलांना मात्र लाह्या व अख्खे चणे-शेंगदाणे देऊ नयेत, कारण ते घशात अडकतात.

सगळ्याच मुलांना कुरकुरीत आवडते असे नाही. काहींना फक्त गुळगुळीत चालते. त्यांच्यासाठी पिकलेली पपई गाळून, किंवा पेअर वाफवून त्याचा एकजीव गर करून, आधी ते मूल जे गुळगुळीत खाते त्याच वाटीत, त्याच तापमानाला एक चमचा द्यावा. पेअरमधील सॉर्बिटॉल ही साखर आतड्यात पाणी ओढते. सूत्र एकच आहे : मुलाच्या आवडीचा पोत ओळखावा, आणि रंग, आकार, वास, तापमान यांपैकी एका वेळी एकाच गोष्टीला हात लावावा. नको म्हटले तर पदार्थ मुकाट्याने उचलावा आणि काही दिवसांनी पुन्हा तसाच ठेवावा. दहा-पंधरा वेळा ठेवल्यावरच काही पदार्थांना होकार मिळतो.

दूध एकदम तोडले नाही. दर पेल्यात दर आठवड्याला बोटभर कमी करत चार पेल्यांचे दोन झाले. पोटात दूध कमी झाले तशी जेवणाच्या वेळी थोडी भूक दिसू लागली. पाण्याबाबत एक गैरसमज आहे की भरपूर पाणी पाजले की शौच मऊ होते. पाणी कमी पडत असेल तर ते भरून काढावेच. या वजनाच्या मुलाला दूध, पेज, पाणी सारे मिळून दिवसाला सुमारे दीड लिटर पुरते. त्यापलीकडे पाजलेले पाणी लघवीवाटे जाते.

आता प्रामाणिक हिशेब मांडतो. मुलाच्या वयात ५ मिळवले की दिवसाला लागणाऱ्या चोथ्याचे ढोबळ प्रमाण ग्रॅममध्ये मिळते, म्हणजे याच्यासाठी १२ ग्रॅम. ज्वारी-तांदळाच्या भाकऱ्या, लाह्या आणि भात मिळून तो महिनाभरानंतरही निम्म्याच्या आसपासच पोहोचत होता. म्हणून औषध आणि अन्न यांची कामे वेगळी ठेवावीत. शौच मऊ ठेवण्याची जबाबदारी काही महिने औषधावर असू द्यावी. म्हणजे जेवणाच्या ताटावर 'हे खा, नाहीतर पोट दुखेल' हा दबाव राहत नाही, आणि दबाव नसला तरच अशी मुले नवे काही तोंडात घेतात.

संडासापर्यंतचा प्रवास

आता राहिला संडास. मी आजोबांना सांगितले की एकदा त्याच्या उंचीवर बसून तुमचा संडास पाहा. त्यांनी पाहिले. फिनेलचा उग्र वास होता, वरचा दिवा फडफडत होता, पाणी सोडले की टाकी गरजत होती, आणि परदेशी पद्धतीच्या भांड्यावर बसले की मुलाचे पाय हवेत लोंबकळत होते. पाय अधांतरी असले की अंग सैल होत नाही आणि मल उतरत नाही. उकिडवे बसण्याची आपली जुनी पद्धत यासाठी उत्तम आहे, पण तोल सांभाळता न येणाऱ्या आणि भोकाला घाबरणाऱ्या मुलाला ती जमत नाही.

उपाय साधे होते. घरातले जेवणाचे दोन जुने लाकडी पाट एकावर एक बांधून पायांखाली ठेवले, म्हणजे गुडघे कमरेच्या वर आले. भांड्यावर लहान मुलांची बैठक बसवली. फिनेल रात्री, मूल झोपल्यावर वापरायचे ठरले. दिवा बदलला. टाकीचे पाणी तो बाहेर गेल्यावरच सोडायचे आणि धुण्यासाठी कोमट पाणी घ्यायचे.

वेळही निवडली. जेवण पोटात गेले की मोठ्या आतड्याला चालना मिळते. ही शरीराची स्वाभाविक क्रिया आहे. म्हणून सकाळच्या न्याहारीनंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर, अर्ध्या तासाच्या आत, पाच मिनिटे बसायचे. पाचच. तासभर बसवून ठेवणे ही मुलाला शिक्षा वाटते.

पण त्याला हे समजवायचे कसे? आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि नातवाला कर्जत-खोपोली मार्गाची सारी स्थानके क्रमाने पाठ. आजोबांनी पुठ्ठ्याच्या पट्टीवर सहा चौकोन काढले. कर्जत : न्याहारी संपली. पळसदरी : संडासाचे दार. केळवली : चड्डी खाली. डोलवली : पाटावर पाय ठेवून बसणे. लौजी : धुणे. खोपोली : हात धुऊन बाहेर, आणि आगगाडी हातात. डोलवलीला गाडी पाच मिनिटे थांबे, वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत. त्या वेळात आजोबा त्याला फुगा किंवा पिपाणी फुंकायला देत. फुंकताना पोटाचे स्नायू आपोआप काम करतात, 'जोर कर' असे सांगावे लागत नाही.

शौच झाली किंवा न झाली, गाडी खोपोलीला पोहोचायचीच आणि खेळणे मिळायचेच, हा नियम होता. बक्षीस बसण्याचे होते, शौच होण्याचे नव्हते, कारण बसणे मुलाच्या हाती असते, शौच होणे नसते. आजोबा मला म्हणाले, "डॉक्टर, गाडी डोलवलीला थांबते, पण दर वेळी प्रवासी उतरतोच असं नाही." मी त्यानंतर अनेक पालकांना हे वाक्य ऐकवले आहे.

पहिले अकरा दिवस तो कपडे न काढता नुसता बसला. तेही चालवून घेतले. मग चड्डी काढून बसू लागला. चौथ्या आठवड्यात एका सकाळी शौच झाली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण त्याला टाळ्यांचा आवाज सहन होत नाही. आजींनी फक्त डोलवलीच्या चौकोनावर बोट ठेवले. काही मुलांना शौच फक्त डायपरमध्येच, उभ्यानेच करता येते. त्यांचा डायपर हिसकावू नये. आधी डायपरसह संडासात उभे राहणे, मग डायपरसह भांड्यावर बसणे, मग डायपर सैल करणे, अशा पायऱ्या कराव्यात. प्रत्येक पायरीला आठवडे लागले तरी हरकत नाही.

गणपतीतली घसरण

सप्टेंबरमध्ये गणपतीला घर पाहुण्यांनी भरले. संडासापुढे रांग, जेवणाच्या वेळा बदललेल्या, आणि "एवढ्या लहान मुलाला रोज औषध कशाला, आता तर चांगला आहे" असा एका नातेवाइकांचा सल्ला. औषध सुटले. आठ दिवसांत तो पुन्हा कपाटाआड उभा राहू लागला, दहाव्या दिवशी चड्डी खराब झाली. आजी डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "सगळं पाण्यात गेलं."

तसे ते गेले नव्हते. गुदाशय महिनोन् महिने ताणलेले असते. ते मूळ आकाराला यायलाही महिने लागतात. मध्येच औषध सोडले तर बहुतेक वेळा असेच होते. या वेळी आजींनी खुणा लगेच ओळखल्या होत्या, म्हणून तीन दिवसांच्या वाढीव मात्रेत पोट मोकळे झाले आणि पट्टी पुन्हा भिंतीवर लागली. नियमित औषध निदान दोन महिने द्यावे. सारे त्रास थांबून एक महिना उलटल्याशिवाय ते कमी करू नये, आणि कमीही हळूहळू करावे. अशा मुलांत प्रत्यक्षात बहुधा याहून अधिक काळ लागतो.

केव्हा थांबू नये

काही खुणा दिसल्यास घरी उपाय करत बसू नये. हिरवी उलटी, पोट फुगून कडक होणे, ताप, किंवा शौचातून बरेच रक्त जाणे असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जन्मापासूनच बद्धकोष्ठता असणे, जन्मानंतर पहिली काळी शौच दोन दिवसांत न झालेली असणे, शौच फितीसारखी चपटी होणे, वजन न वाढणे, पायांत अशक्तपणा किंवा कमरेखाली मणक्यावर केसांचा झुबका वा खळगा असणे, या गोष्टी असतील तर बालरोगतज्ज्ञांकडून आतड्याची, मज्जातंतूंची व थायरॉईडची तपासणी करून घ्यावी. लोहाची औषधे आणि वागणुकीसाठी दिली जाणारी रिस्पेरिडोनसारखी औषधे यांनीही बद्धकोष्ठता वाढू शकते. ती स्वतः बंद करू नयेत, पण सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. मूल माती, भिंतीचा रंग खात असेल तर तेही सांगावे, कारण त्यातून शिसे पोटात जाऊ शकते. उपचार नीट करूनही दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर बालपोटविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. कर्जत-खोपोलीकरांना लोकलने परळचे वाडिया रुग्णालय गाठता येते.

डॉक्टरांकडे जाताना एक वही न्यावी. दोन आठवडे रोज तीनच गोष्टी लिहाव्यात : शौच केव्हा व कशी झाली, चड्डी किती वेळा खराब झाली, आणि मूल टाचा उंच करून उभे राहिले का. अशी वही पहिल्या दिवशी माझ्यासमोर असती, तर मी 'जुलाब' लिहिले नसते.

त्या मुलाला आता वर्ष होत आले. त्याचे खाणे सहा पदार्थांवरून नऊवर आले आहे, अजून नाचणी नाही. औषध ६ ग्रॅमवर आहे, बंद झालेले नाही. चड्डी महिन्यातून एखादे वेळी खराब होते. मागच्या आठवड्यात आजी एकट्याच आल्या होत्या, स्वतःच्या रक्तदाबासाठी. नातू कसा आहे विचारले, तर म्हणाल्या, "सकाळची गाडी वेळेवर असते. रात्रीची कधी कधी रद्द होते."